पांढरंच का तुटतंय? एकाच ब्रँडच्या दोन रंगांना एकच सेटिंग देताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीच्या एका पॉवरलूमवाल्या अण्णांनी माझ्याकडून थ्रीडी प्रिंटरवर चाळीस क्लिपा छापून घेतल्या. मागावरची एक केबल धरून ठेवणारी, हुकासारख्या आकाराची साधी क्लिप. वीस काळ्या, वीस पांढऱ्या, कारण दोन बाजूंच्या केबली रंगावरून ओळखायच्या होत्या. दोन्ही रिळे एकाच ब्रँडची, एकाच दिवशी घेतलेली, पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकच्या धाग्याची. फाईल तीच, नोझल 205 अंशांवर, प्रिंटरही कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यातला तोच. आठवड्याने अण्णांचा फोन आला. "पांढरं तेवढं तुटतंय बघा. काळ्याला काय होत नाही. माल दोन नंबरचा घातलाय काय?"

माल चांगलाच होता. चूक माझी होती, आणि ती बहुतेक जण करतात म्हणून सविस्तर लिहितो.

चूक पहिली: ब्रँड एक म्हणजे प्लास्टिक एक, असे धरणे

रिळावरचा हा धागा म्हणजे फिलामेंट. ते बनवणारा कारखाना मूळ पीएलएचे दाणे घेतो आणि त्यात रंगाचे दाणे मिसळतो. या रंगाच्या दाण्यांना मास्टरबॅच म्हणतात. मास्टरबॅचमध्ये नुसता रंग नसतो. रंगाची पूड, ती धरून ठेवणारे वाहक प्लास्टिक आणि पूड नीट पसरावी म्हणून घातलेले मेणासारखे पदार्थ, असे सगळे असते. म्हणजे डब्यावरचे नाव एक असले तरी काळ्या आणि पांढऱ्या रिळातली मिसळ वेगळी असते.

काळ्यासाठी बहुधा कार्बन ब्लॅक वापरतात, म्हणजे अतिबारीक काजळी. ती इतकी गडद असते की थोडीशी पुरते. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. प्लास्टिक दुधासारखे अपारदर्शक दिसायला हा जास्त घालावा लागतो, आणि तो जडही आहे. पीएलएची घनता दर घनसेंटिमीटरला 1.24 ग्रॅम, तर टायटॅनियम डायऑक्साइडची सुमारे 4.2. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये अशी पूड आली की त्याची वाहण्याची पद्धत बदलते. काही रंगांत वाहक प्लास्टिक मूळ पीएलएपेक्षा पातळ असते, तेव्हा उलटाही परिणाम होतो. त्यामुळे पांढरे नेहमी जास्त तापमान मागते आणि काळे कमी, असा नियम करून ठेवू नका. एका ब्रँडचा नियम दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट स्फटिकांची. पीएलए थंड होताना त्याचा काही भाग शिस्तीत रचला जातो, आणि रंगाचे कण त्या रचनेला सुरुवात करून देणारे बी ठरू शकतात. साखरेच्या पाकात खडा टाकला की त्याभोवती साखर धरते, तसेच. 2015 साली अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठातील विटब्रॉट आणि पिअर्स यांनी पीएलएचे वेगवेगळे रंग छापून तपासले. रंगानुसार स्फटिकांचे प्रमाण बदलते, नोझलच्या तापमानानेही बदलते, आणि त्याचा वस्तूच्या ताकदीशी संबंध आहे, असे त्यांना आढळले. मोल्डिंगवाल्यांना यात नवल वाटणार नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये फ्थॅलोसायनिन निळा किंवा हिरवा घातला की क्रेट वेगळा आकसतो आणि वाकतो, हे त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

चूक दुसरी: डोळ्यांनी निदान करणे

अण्णांच्या क्लिपा मी परत मागवल्या. दिसायला पांढऱ्या जास्त देखण्या होत्या! पांढऱ्यावर थरांच्या रेषा आणि सावल्या उठत नाहीत. काळ्यावर मात्र बारीक तार, चकाकीतला फरक, सगळे लगेच नजरेत भरते. म्हणून काळी वस्तू खराब आणि पांढरी चांगली छापली गेली असे वाटते, आणि निर्णय उलटा होतो.

तुटलेली जागा पाहिली तेव्हा खरे कळले. हुक थरांच्या मधून सपाट सुटला होता, पत्त्यांच्या कॅटमधून पत्ता निघावा तसा. प्लास्टिक स्वतः तुटते तेव्हा कड ओबडधोबड असते आणि ताणलेल्या जागी पांढुरकी झाक येते. अर्थात पांढऱ्या प्लास्टिकवर ती झाक दिसत नाही, तेव्हा कड बोटाने चाचपून पाहा.

चूक तिसरी: सगळा दोष रंगावर किंवा सगळा दमटपणावर ढकलणे

कोल्हापूरच्या जुलैत कोणीही आधी ओलाव्यावरच बोट ठेवेल. मीही ठेवले. पांढरे रीळ 50 अंशांवर सहा तास वाळवले, मायक्रोमीटरने दोन्ही रिळांची जाडी दहा ठिकाणी मोजली. जाडीत दखल घेण्यासारखा फरक नव्हता. वाळवल्यावर तार ओढणे कमी झाले, पण क्लिप पूर्वीसारखीच थरातून सुटली. ओलावा थोडा होता, मूळ दुखणे तो नव्हता.

मग नोझलमधून माल पुरा येतो का, ते पाहिले. अर्धा मीटर फिलामेंट कापून तोलले, नंतर तेवढेच नोझलमधून, छपाईच्याच वेगाने, हवेत सोडून तोलले. 0.2 मिलिमीटर थर, 0.45 रुंदी आणि सेकंदाला 60 मिलिमीटर वेग धरला तर फिलामेंट सेकंदाला साधारण सव्वादोन मिलिमीटर आत जाते. म्हणून आज्ञा अशी:

```
M83
M109 S205
G1 E50 F135
```

शेवटची ओळ दहा वेळा द्यायची. एकदम 500 मागितले तर बरेच प्रिंटर ते नाकारतात. काटा मात्र 0.01 ग्रॅमचा हवा. माझा गुजरीतल्या ओळखीच्या सराफाने दिलेला जुना काटा आहे, त्याने काम भागते.

इथे एक मेख आहे. काळ्याचे वजन पांढऱ्याशी ताडून पाहायचे नाही, कारण पांढरे मुळातच जड. प्रत्येक रंगाचा सोडलेला माल त्याच रंगाच्या कापलेल्या तुकड्याशी ताडायचा. 205 अंशांवर माझ्याकडे काळे जवळजवळ पुरे उतरले, पांढरे सुमारे चार टक्के कमी. फिलामेंट आत ढकलणाऱ्या गिअरच्या दातांनी ते खरवडलेले दिसत होते. म्हणजे पांढरे त्या तापमानाला घट्ट होते, गिअर घसरत होता. कमी माल आणि थंड माल, दोन्ही एकदम. थर चिकटणार कसा?

चूक चौथी: टेम्परेचर टॉवर पाहून तापमान ठरवणे

दर मजल्याला तापमान बदलत छापलेला हा मनोरा दिसण्याचा निकाल देतो, ताकदीचा देत नाही. माझ्या पांढऱ्याचा सगळ्यात स्वच्छ मजला 205 चाच होता, आणि तोच सगळ्यात कच्चा निघाला.

त्याऐवजी पट्ट्या तोडा. 60 मिलिमीटर उंच, 8 रुंद, 4 जाड, आतून पूर्ण भरीव, आणि उभ्या छापलेल्या, म्हणजे जोर थरांच्या सांध्यावरच येईल. एका वेळी पाच छापा. एकटी पट्टी छापली तर थर इतका लवकर संपतो की प्रिंटर वेग कमी करतो किंवा पट्टी गरमच राहते, आणि निकाल खोटा चांगला येतो. पट्टी व्हाइसमध्ये आडवी धरायची, 4 मिलिमीटरची बाजू उभी ठेवून. जबड्यापासून 40 मिलिमीटरवर छोटी बादली अडकवायची आणि पट्टी तुटेपर्यंत त्यात सावकाश पाणी ओतायचे. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचे वजन त्यात मिळवायचे.

माझ्या त्या दोन रिळांचे पाच पट्ट्यांचे सरासरी आकडे असे. काळे 205 ला 1.9 किलोवर तुटले. पांढरे 205 ला 1.2 वर, 212 ला 1.5 वर, 220 ला 1.75 वर. 230 ला मात्र 1.6, आणि त्या तापमानाला छापलेल्या क्लिपच्या हुकाखालचा उतार लोंबायला लागला. 220 ला नोझलमधून येणारा मालही पुरा झाला. याच पट्टीत थर थंड करणारा पंखा शंभरवरून साठ टक्क्यांवर आणला तेव्हा पांढरे काळ्याच्या बरोबरीला आले.

हे आकडे उचलून तुमच्या रिळाला लावू नका. पद्धत तेवढी घ्या. पट्ट्यांपट्ट्यांतला फरकही लिहून ठेवा, कारण पाचांपैकी एखादी पट्टी फारच लवकर तुटली आणि तुटलेल्या कडेवर गुठळी दिसली, तर पूड नीट मिसळली गेली नसण्याची शक्यता आहे. त्याला तापमान वाढवून उपाय नाही.

अण्णांना वीस पांढऱ्या क्लिपा 220 वर नव्याने छापून दिल्या. शिवाय क्लिप आडवी झोपवून छापली, म्हणजे हुकाचा जोर थरांच्या सांध्यावर न येता थराच्या लांबीत गेला. खरे सांगायचे तर ही दुसरी गोष्ट मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तसे केले असते तर 205 वरही त्या बहुधा टिकल्या असत्या. मग पांढऱ्याचा कच्चेपणा मला कळलाही नसता.

काही लहान पण महागात पडणाऱ्या चुका

सिल्क, मॅट किंवा अंधारात चमकणारे फिलामेंट म्हणजे 'आणखी एक रंग' नव्हे. सिल्कमध्ये चकाकीसाठी दुसरे प्लास्टिक मिसळलेले असते, थर सहज सुटतात. चमकणाऱ्यातली पूड पितळी नोझलचे भोक खाऊन टाकते, त्याला टणक केलेल्या पोलादाचे नोझल हवे. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइडही पितळापेक्षा कठीण आहे, पण तो इतका बारीक असतो की झीज सावकाश होते. सतत पांढरेच छापणाऱ्यांनी अधूनमधून भोक तपासावे.

काळे उन्हाला चांगले, हे अर्धेच खरे. कार्बन ब्लॅक अतिनील किरण अडवतो, पण तापतोही जास्त. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर काळा मोबाइल स्टँड मान टाकतो, पांढरा त्या मानाने उशिरा.

आणि शेवटची, वजनाची. पांढऱ्यात वजनाने चार टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर घनता 1.24 वरून 1.28 च्या जवळ जाते. किलोच्या रिळात 335 मीटरऐवजी 326 मीटर भरतात. फाईलचे थर पाडून देणारा स्लायसर प्रोग्राम म्हणाला 59 ग्रॅम लागेल, काट्यावर रिळात 60 ग्रॅम होते, म्हणून मी बिनधास्त रात्रभर लावून गेलो. सकाळी वस्तू तयार होती, वरचे दोन थर सोडून. एक मीटर कापून तोला, जाडी मोजून घनता काढा आणि स्लायसरमध्ये त्या रंगाच्या नावापुढे घाला. स्लायसरचे 59 ग्रॅम तेव्हा जवळपास 61 दिसले असते.