चारही निश्चयक शून्य आले, तरी उकल असेलच असे नाही

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी एका चाचणीत मला पुढील समीकरणे सुसंगत आहेत की विसंगत, हे ठरवायचे होते.

x + 2y + 3z = 4
2x + 4y + 6z = 8
3x + 6y + 9z = 10

दहावीत शिकलेली क्रेमरची पद्धत हाताशी होती. सहगुणकांचा निश्चयक D शून्य आला; उजवीकडचे आकडे एकेका स्तंभाच्या जागी ठेवून काढलेले Dx, Dy आणि Dz हेही शून्यच आले, म्हणून मी ‘समीकरणे सुसंगत, उकली अनंत’ असे लिहून मोकळा झालो. पेपर परत देताना सरांनी एवढेच म्हटले, “अनंत आहेत म्हणतोस ना, मग त्यांतली एक लिहून दाखव.” मी बराच वेळ प्रयत्न केला आणि मग लक्षात आले की पहिल्या समीकरणाला 3 ने गुणले की डावी बाजू तिसऱ्या समीकरणासारखीच होते, पण उजवीकडे 12 येतात, 10 नव्हे. म्हणजे उकल एकही नव्हती.

ही चूक नवीन विद्यार्थी दरवर्षी करतात आणि तिचे मूळ दहावीच्या सवयीत आहे. दोन चलांच्या दोन समीकरणांत D, Dx, Dy तिन्ही शून्य असले की दोन्ही रेषा एकच असतात, त्यामुळे ‘सगळे शून्य म्हणजे अनंत उकली’ हा नियम तिथे कधी फसत नाही. (0x + 0y = 5 असे समीकरण कोणी दिले तर फसेल, पण ते पाठ्यपुस्तकात कोण देणार!) तीन चलांत मात्र समीकरणे प्रतले दर्शवतात, आणि तीन समांतर प्रतलांचे चारही निश्चयक शून्य येतात, कारण सहगुणकांचे स्तंभ परस्परांच्या पटीत असतात आणि प्रत्येक निश्चयकात असे किमान दोन स्तंभ राहतातच.

इथे रँक उपयोगी पडते. मॅट्रिक्समधून निवडता येणाऱ्या शून्येतर निश्चयकांपैकी सर्वांत मोठ्याचा आकार म्हणजे तिची रँक. सहगुणकांची मॅट्रिक्स A आणि तिला उजवीकडचा स्तंभ जोडून होणारी विस्तारित मॅट्रिक्स यांची रँक समान असेल तरच समीकरणे सुसंगत असतात. समान रँक चलांच्या संख्येइतकी असेल तर उकल एकच, कमी असेल तर अनंत. माझ्या प्रश्नात A ची रँक 1 होती आणि विस्तारित मॅट्रिक्सची 2, कारण पहिल्या व तिसऱ्या ओळीतील 1, 4 आणि 3, 10 यांचा निश्चयक 10 − 12 = −2 येतो.

मला नंतर उमगलेली गोष्ट अशी की D, Dx, Dy, Dz हे (स्तंभांचा क्रम आणि चिन्ह सोडल्यास) विस्तारित मॅट्रिक्समधले 3 × 3 आकाराचे सगळे निश्चयक आहेत. ते चारही शून्य असले तर विस्तारित मॅट्रिक्सची रँक 2 च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून A मध्ये 2 × 2 आकाराचा एक जरी शून्येतर निश्चयक सापडला, तर दोन्ही रँक 2 ठरतात आणि ‘अनंत उकली’ हे उत्तर खरेच बरोबर असते. धोका फक्त तेव्हाच असतो, जेव्हा A मधले 2 × 2 चे सगळे निश्चयक शून्य असतात, म्हणजे डाव्या बाजू परस्परांच्या पटीत असतात.

परीक्षेत हमखास येणारा प्रकार a आणि b यांचा असतो: त्यांच्या कोणत्या किमतींना उकल एकच, अनंत किंवा एकही नाही, हे शोधायचे असते. समजा,

x + 2y − z = 3
2x + 5y + z = 8
3x + 8y + az = b

दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा केल्यावर y + 3z = 2 आणि 2y + (a + 3)z = b − 9 उरते; यांतल्या दुसऱ्यातून पहिल्याची दुप्पट वजा केली की (a − 3)z = b − 13 मिळते. इथे अनेक जण घाईने a − 3 ने भागतात आणि z ची किंमत लिहून पुढे जातात, पण a = 3 असताना तो भागाकारच करता येत नाही, आणि प्रश्नाचे बहुतेक गुण त्याच शक्यतेला असतात. a ≠ 3 असेल तर b काहीही असो, उकल एकच. a = 3 आणि b ≠ 13 असेल तर A ची रँक 2, विस्तारित मॅट्रिक्सची 3, म्हणून समीकरणे विसंगत. a = 3 आणि b = 13 असेल तर दोन्ही रँक 2 आणि एक चल मोकळे राहते: z = t घेतल्यास y = 2 − 3t आणि x = 7t − 1. सरांच्या त्या एका वाक्यामुळे मी आता t = 0 घालून (−1, 2, 0) ही उकल तिन्ही समीकरणांत ताडून पाहतो: तिसऱ्यात −3 + 16 = 13.