रुग्णपत्रकात औषधाचे नाव कसे लिहावे: लिप्यंतर की भाषांतर?

ब्रँडच्या नावाचे भाषांतर कधीही करू नये. ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावे आणि पहिल्या उल्लेखात शेजारी पाकिटावरची रोमन अक्षरेही जशीच्या तशी छापावीत. जेनेरिक नावालाही हाच नियम आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर बहुतेक औषधांच्या पाकिटावर जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते, म्हणून पत्रकातही तेच आधी यावे.

खरी अडचण येते ती ज्या नावांना मराठी शब्द असल्यासारखे वाटते त्यांच्यापाशी. ‘सामान्य माणसाला कळेल असे लिहा’ हा सल्ला इथे सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे.

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्यासाठीच्या पत्रकाचेच उदाहरण घेऊ. त्यात बहुधा फॉलिक ॲसिड असते, अनेकदा ५ मिलिग्रॅमची गोळी. ते सोपे करण्यासाठी कोणी ‘रक्तवाढीची गोळी’ असे लिहिले, तर वाचणारा आरोग्य केंद्रातून गरोदर स्त्रियांना मिळणारी लाल गोळी घेईल. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि फॉलिक ॲसिड अवघे अर्धा मिलिग्रॅम. सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवले जाते, त्याच्या शरीरात आधीच लोह साचत असते. त्याला तपासणीशिवाय आणखी लोह देणे धोक्याचे आहे. म्हणून ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव तसेच ठेवावे आणि पुढे वाक्य जोडावे: ‘ही लोहाची गोळी नव्हे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये.’ भाषांतर करायचे ते औषधाच्या कामाचे आणि सूचनांचे; नावाचे नाही.

दुसरे औषध हायड्रॉक्सियुरिया. आंतरराष्ट्रीय नामावलीत याचे नाव हायड्रॉक्सीकार्बामाइड आहे, परंतु रुग्णाच्या हातातील पाकिटावर जे असेल तेच लिहावे. कापूस पिकवणाऱ्या घरात युरिया म्हणजे खत, त्यामुळे हे नाव वाचून कोणी कॅप्सूल घेणे टाळू शकतो. तरीही नाव बदलू नये किंवा ‘युरिया’ गाळू नये, कारण मग पत्रक आणि पाकीट जुळणार नाही. ‘हे शेतातील युरिया खत नाही’ असे त्याच ओळीत स्पष्ट सांगावे.

ओआरएसचे मात्र उलट आहे. ‘जलसंजीवनी’ हे नाव रुळलेले असल्याने दोन्ही नावे द्यावीत.

संपूर्ण पत्रकात प्रत्येक नावाचे एकच लेखन ठेवावे.

शेवटी पत्रक आशाताईंना मोठ्याने वाचायला द्यावे, कारण अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या अनेक घरांत ते वाचून दाखवले जाते. मग ऐकणाऱ्यापुढे फॉलिक ॲसिडची आणि लोहाची अशी दोन पाकिटे ठेवून यातले कोणते घ्यायचे ते विचारावे. त्याने चुकीचे पाकीट उचलले, तर नावाजवळचे वाक्य पुन्हा लिहावे.