अंधूक सीसीटीव्हीतून नंबर प्लेट वाचताना या चुका टाळा

मुलुंडच्या एका सोसायटीच्या गेटजवळ रात्री स्कूटरने एका आजोबांना धडक दिली आणि चालवणारा न थांबता निघून गेला. सकाळी ग्रुपवर स्कूटरचा कडा धारदार केलेला फोटो आला, खाली शेवटचे आकडे: 4188. त्यावरून लोक शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाच्या दारात गेले. त्याची स्कूटर त्या रात्री मेकॅनिककडे उघडून ठेवलेली होती. तो मुलगा किती घाबरला होता, ते मी पाहिलंय.

फुटेज माझ्याकडे आलं तेव्हा पहिली चूक आधीच झाली होती. कोणीतरी मॉनिटरसमोर मोबाइल धरून शूटिंग केलं होतं आणि ते व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. अशा प्रत्येक टप्प्यावर कॉम्प्रेशन बारकावे खातं. त्यामुळे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरमधून मेन स्ट्रीमची, म्हणजे पूर्ण दर्जाची, मूळ फाइलच पेनड्राइव्हवर काढा. डिस्क भरली की जुन्या फुटेजवर नवं चढतं, म्हणून त्याच दिवशी काढा. मूळ फाइलची हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा, लिहून ठेवा आणि काम फक्त प्रतीवर करा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ही हॅश लागते.

दुसरी चूक म्हणजे प्लेटवर किती पिक्सेल पडलेत हे न मोजताच शार्पन करणं. दुचाकीची मागची प्लेट २०० मिलिमीटर रुंद असते, तिच्यावरचा आकडा ४० मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ ७ मिलिमीटर जाड. कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचा आणि साधारण १०० अंशांत पाहणारा होता. त्याला १० मीटरवर एका मीटरमागे जेमतेम ८० पिक्सेल मिळतात, म्हणजे आकडा तीन पिक्सेल उंच आणि रेघ अर्ध्या पिक्सेलची. धडकेची जागा तेवढ्याच अंतरावर होती, तिथे काहीच होण्यासारखं नव्हतं. पण त्याआधी गतिरोधकावर स्कूटर हळू झाली होती, कॅमेऱ्यापासून चार मीटरवर. तिथे आकडा आठ पिक्सेल उंच भरत होता.

आता शार्पन. ते चित्राची धूसर प्रत मूळ चित्रातून वजा करतं आणि उरलेला फरक वाढवून परत मिळवतं. म्हणजे जो फरक आधीच नोंदलेला आहे तोच ठळक होतो. किंचित धूसर झालेली कडा त्याने खरोखर सुधारते. पण रात्रीचा गोंगाट, म्हणजे कमी उजेडात चित्रात उमटणारे दाणे, आणि कॉम्प्रेशनचे चौकोनी ठोकळेही तितकेच ठळक होतात. 3 आणि 8 मधला फरक डाव्या बाजूच्या दोन उघड्या जागांचा असतो. आठ पिक्सेलच्या आकड्यात त्या प्रत्येकी एक-दोन पिक्सेल. दोन्ही जागी एकेक दाणा काळा झाला की 3 चा 8 दिसतो. ग्रुपवरचा फोटो तसाच बनला होता. एआयने चित्र मोठं करणारी अॅप तर याहून घातक: ती शिकलेल्या आकारांतून सुबक आकडा रचतात, आणि तो सुबक असल्यामुळेच लोक विश्वास ठेवतात.

खरी मदत एकाहून अधिक फ्रेमची होते. गतिरोधकापाशी नऊ फ्रेम वापरण्याजोग्या निघाल्या. प्रत्येकीत प्लेटचे चारही कोपरे एकाच जागी आणले, मग ImageMagick ने सरासरी काढली:

```
magick plate_*.png -evaluate-sequence mean avg.png
```

गोंगाट प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असेल तर नऊ फ्रेमच्या सरासरीत तो एक तृतीयांशावर येतो. मात्र कॉम्प्रेशनमध्ये पुढची फ्रेम मागचीच नक्कल असेल, तर फायदा त्याहून बराच कमी.

सरासरीतही घाई करायची नाही, उलटी परीक्षा घ्यायची. संशयित आकड्यांच्या स्वच्छ प्लेट स्वतः बनवायच्या, आकडा आठ पिक्सेल उंच होईल इतक्या लहान करायच्या, तितक्याच धूसर करायच्या आणि फुटेजशेजारी ठेवायच्या. जे दोन आकडे तिथे एकसारखे दिसतात, त्यांतला एक निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही. शक्य असेल तर कोणता आकडा अपेक्षित आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून ही तुलना करवा. मी माझ्या मुलीकडून करवली.

4 आणि 1 पक्के ठरले, वरच्या ओळीतली अक्षरंही. तिसरा आकडा 3 किंवा 8, चौथा 6 किंवा 8. म्हणजे चार नंबर. ते चारही मी पोलिसांना लिहून दिले, सोबत मूळ फाइल, नऊ फ्रेम आणि मागच्या दिव्याचा आकार. नोंदणी तपासल्यावर त्यांतली एकच गाडी त्या रंगाची स्कूटर निघाली. तिचे आकडे 4136 होते.