अर्धवेळ कामाचा मेसेज: आधी बुधवार सोडवा

जॉब-शेअर, म्हणजे एकच नोकरी दोघांनी वाटून करणं, मागताना बहुतेक जण मेसेजची सुरुवात घरच्या अडचणीने करतात. अडचण खरीच असते, पण मॅनेजरच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो कामाचा: गुरुवारी क्लायंटचा फोन आला तर उचलणार कोण? त्याचं उत्तर मेसेजमध्येच द्या.

समजा, हिंजवडीच्या एका कंपनीत पगारपत्रकाचं काम दोघींना वाटून घ्यायचं आहे. दोघींनी तीन-तीन दिवस मागितले तर पाच दिवसांच्या कामाला सहा दिवसांचा पगार जातो, म्हणजे २० टक्के जास्त. मागणी बहुधा इथेच अडते. त्यापेक्षा अडीच-अडीच दिवस मागा आणि बुधवारी दुपारी काम दुसरीच्या हातात द्या.

मेसेज एवढाच पुरे:

"मॅडम, १ तारखेपासून तीन महिने माझं काम मी आणि माझी सहकारी, अशा दोघींनी वाटून करावं असं सुचवते. सोमवार ते बुधवार दुपारपर्यंत मी, पुढे ती. बुधवारी अर्धा तास दोघी एकत्र बसून बाकी कामांची यादी सोपवू. पगार निम्मा-निम्मा. महिनाअखेरीला पगार काढायच्या दोन दिवसांत दोघीही फोनवर असू. या आठवड्यात २० मिनिटं बोलता येईल का?"

जोडीदारणीला विचारल्याशिवाय हा मेसेज पाठवू नका. पीएफ, ग्रॅच्युइटी, सुट्ट्या आणि आरोग्य विम्याचं काय होणार, हे प्रत्यक्ष भेटीत विचारा आणि ठरलेलं एचआरकडून लेखी घ्या. मूळ पगार घटला की पीएफची रक्कमही सहसा घटते. गृहकर्ज घ्यायचं असेल तर निम्म्या पगारावर किती कर्ज मिळेल, तो हिशेब आधी मांडा.