स्पॅनिश भाषकांना मराठी अभिवादन शिकवताना: पहिल्या तासाची तयारी

सगळ्यात आधी विद्यार्थी कुठले आहेत ते विचारून घ्या. स्पॅनिश म्हणजे एकच उच्चार असं गृहीत धरून पाठ लिहिला की पहिल्या पाच मिनिटांतच अडचण येते. अंदालुसिया किंवा क्युबाकडचा माणूस शब्दातल्या अर्ध्या 'स'चा हलका 'ह' करतो, त्यामुळे त्याच्या तोंडी 'नमस्कार'चं 'नमहकार' होतं. ब्वेनोस आयरेसच्या माणसाला 'येतो' वाचायला दिलं तर तो 'शेतो' म्हणण्याची शक्यता फार. दोघंही स्पॅनिशच्या सवयीने बरोबरच वाचत असतात. हे आधी माहीत असलं की कुणाला काय दुरुस्त करायचं आणि काय सोडून द्यायचं ते ठरवता येतं.

पाठ स्पॅनिशमध्ये लिहायचा, तेव्हा सूचना कोणत्या रूपात द्यायच्या हेही याच माहितीवर ठरतं. स्पेनमधल्या गटाला 'एस्कुचाद, रेपेतीद' स्वाभाविक वाटेल, लॅटिन अमेरिकेतल्या गटाला 'एस्कूचेन, रेपीतान'. गट मिश्र असेल तर दुसरं रूप घ्या, ते कुणालाच खटकत नाही. मात्र एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. लिहून झाल्यावर एखाद्या स्पॅनिश मातृभाषकाला पाठ वाचायला द्या. आघातचिन्हं आणि वाक्याच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह आपल्या नजरेतून हमखास सुटतं, आणि मोठ्या माणसांच्या वर्गात अशा चुका शिक्षकावरचा विश्वास कमी करतात.

आता शब्द निवडा, आणि निवडताना हात आखडता घ्या. साठ मिनिटांच्या तासाला माझ्या मते एवढं पुरे: नमस्कार, 'मी' आणि पुढे आपलं नाव, 'तुम्ही कसे आहात?' आणि 'तुम्ही कशा आहात?', 'मी मजेत आहे', 'धन्यवाद', 'येतो' किंवा 'येते', आणि त्यावरचं 'या'. 'तुमचं नाव काय?' घालायचा मोह होईल, पण त्यातला दातांजवळचा 'च' आणि उत्तरातल्या 'माझं'मधला 'झ' हे दोन्ही त्यांना नवे आवाज आहेत. ते दुसऱ्या तासाला घ्या. 'मी कार्लोस', 'मी आना' एवढ्याने ओळख होते, आणि मराठीत ते अवघडलेलंही वाटत नाही. 'शुभ सकाळ', 'शुभ रात्री' पण बाजूला ठेवा. स्पॅनिशमध्ये 'ब्वेनास नोचेस' संध्याकाळनंतर भेटतानाही म्हणतात आणि निरोप घेतानाही. त्याच सवयीने कुणी रात्री आठ वाजता दारात उभं राहून 'शुभ रात्री' म्हणेल, आणि घरच्यांना कळणार नाही की हा आला की चालला. 'नमस्कार' कुठल्याही वेळी चालतो, तोच पक्का करा. बऱ्याच जणांना योगवर्गातून 'नमस्ते' माहीत असतं. त्याला चूक म्हणू नका, पण डोळे मिटून, वाकून, सावकाश करायची ती गोष्ट नाही, हे एकदा करून दाखवा.

'तू' या तासात आणायचाच नाही. 'तुम्ही'ला 'उस्तेद'शी जोडलं की आदराचा मुद्दा एका वाक्यात कळतो, कारण तो भेद त्यांच्या भाषेत आहेच. फक्त एवढं सांगून ठेवा की मराठीत एका माणसाला आदराने बोलतानाही आणि अनेकांशी बोलतानाही 'तुम्ही'च येतं.

यानंतर वाटायचा कागद करायला बसा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. आपण मराठी रोमन लिपीत लिहितो ते इंग्रजीच्या वळणाने, आणि हे विद्यार्थी ते स्पॅनिशच्या वळणाने वाचणार. 'आहात'मधला ह आपण एच अक्षराने लिहितो. स्पॅनिशमध्ये एचला आवाजच नाही, म्हणून ते 'आआत' वाचतात. तिथे 'जे' हे रोमन अक्षर घाला. ते घशातून येणारा ख किंवा ह काढतील. स्पेनमध्ये तो खरखरीत येईल, कॅरिबियनमध्ये जवळजवळ आपल्या 'ह'सारखा, पण दोन्ही वेळा शब्द ओळखता येईल. उलट 'मजेत' मात्र जे घालून लिहिलं तर 'माखेत' होईल. झेडही उपयोगाचं नाही, कारण झेडला ते स म्हणतात, स्पेनच्या बऱ्याच भागात इंग्रजी 'थिंक'मधल्या 'थ'सारखा आवाज काढतात. तिथे डी आणि एस जोडून लिहा. 'मद्सेत'च्या जवळपास काहीतरी ऐकू येईल, आणि पहिल्या तासाला तेवढं पुरतं.

'धन्यवाद' हा कागदावरचा सगळ्यात अवघड शब्द, म्हणून तो सवडीने सोडवू. व्ही घालून लिहिला तर मधल्या 'वा'चा 'बा' होतो, कारण स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही यांचा उच्चार एकच. त्याऐवजी यू आणि ए लिहा, म्हणजे ओठ आपोआप गोल होतील आणि 'वा'च्या जवळचा आवाज येईल. शेवटचा 'द' हा दुसरा धोका. 'उस्तेद'चा शेवटचा द बोलताना बहुतेक जण इतका पुसट करतात की 'उस्ते' एवढंच ऐकू येतं. तीच सवय इथे आली की 'दन्यावा' होतं. उपाय त्यांच्याच भाषेत आहे: 'दोन्दे' या शब्दातला, न नंतरचा दुसरा द ते जीभ दातांना नीट टेकवून म्हणतात. तो आधी म्हणायला लावा, मग तोच 'धन्यवाद'च्या शेवटी आणायला सांगा. सुरुवातीच्या 'ध'चा 'द' झाला तर होऊ द्या. महाप्राण व्यंजनं त्यांच्या भाषेत नाहीत, ती एका तासात येत नाहीत, आणि त्यावाचून शब्द कळतो. ऱ्हस्व 'अ'चंही तसंच. 'नामास्कार' ऐकू आलं तरी पुढे चला. 'तुम्ही'चं 'तुमी' झालं तर मुळीच थांबू नका, मराठी माणसं बोलताना तसं म्हणतातच. 'कशा'मधला श मात्र हवा, नाहीतर 'कचा' होतं. कुणाला गप्प करताना आपण तोंडावर बोट ठेवून जो आवाज काढतो तोच तो, एवढं सांगितलं की येतो.

त, द, क हे आवाज या मंडळींना आधीच छान येतात, इंग्रजी भाषकांपेक्षा कितीतरी चांगले. त्यावर वेळ घालवू नका.

लिंगभेद कसा मांडायचा ते आधीच ठरवा, वर्गात सुचेल म्हणून सोडू नका. त्यांना बोलणाऱ्यानुसार शब्द बदलणं नवं नाही. ओळख झाली की पुरुष 'एनकान्तादो' म्हणतो, बाई 'एनकान्तादा'. फळ्यावर ते दोन शब्द लिहा आणि खाली 'येतो', 'येते'. शेवटचा ओ पुरुषाचा, हे त्यांच्या कानाला पटतं. फक्त इथे बदलतंय ते क्रियापद, आणि ते त्यांच्याकडे बदलत नाही, एवढंच नवं. 'मी बरा आहे' मी मुद्दाम टाळते. स्पॅनिश कानाला शेवटचा 'आ' बाईचा वाटतो, त्यामुळे पुरुष 'बरी'कडे वळतात आणि बायका 'बरा'कडे. 'मी मजेत आहे' दोघांनाही चालतं, म्हणून पहिल्या तासाला तेच. 'कसे' आणि 'कशा' यांत ऐकणाऱ्यानुसार बदल आहे, तो वेगळा सांगावा लागतो: 'येतो' म्हणताना स्वतःकडे बघा, 'कसे' म्हणताना समोरच्याकडे.

यासाठी दुसरा आवाज लागतोच. शिकवणारी बाई असेल तर वर्गातले सगळे पुरुष तिच्यामागून 'येते' म्हणतात, शिकवणारा पुरुष असेल तर बायका 'येतो' म्हणतात. कितीही समजावलं तरी कान जे ऐकतो तेच तोंड म्हणतं. म्हणून वर्गाच्या आधी एका पुरुषाच्या आणि एका बाईच्या आवाजात संवाद मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. एकदा सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर त्यांना म्हणता येईल एवढी जागा सोडून, आणि एकदा रोजच्या वेगात. संवाद असा: 'नमस्कार, मी आना.' 'नमस्कार, मी कार्लोस. तुम्ही कशा आहात?' 'मी मजेत आहे. तुम्ही कसे आहात?' 'मी पण मजेत आहे, धन्यवाद. येतो.' 'या.' घराघरांत उठसूट 'धन्यवाद' म्हणत नाहीत, हे सांगा, पण नव्या ओळखीत तो शोभतो.

'येतो' समजावताना स्पेनमधल्यांना 'आओरा बेन्गो' आठवतं, म्हणजे 'आलोच'. त्याचा आधार घ्या, पण लगेच पुढचं वाक्य जोडा: ते म्हणणारा खरंच थोड्या वेळाने परत येतो, मराठी 'येतो' म्हणणारा घरी जातो आणि पुन्हा कधीतरी भेटतो. हे सांगितलं नाही तर कुणी पाहुण्याची वाट बघत बसेल. 'जातो' का म्हणत नाहीत हा प्रश्न हमखास येतो. निरोप घेताना तो अशुभ वाटतो, एवढं उत्तर तयार ठेवा.

वेळेची वाटणी पाठात लिहून ठेवा. पहिली दहा मिनिटं कागद न देता फक्त ऐकणं, कारण कागद हातात आला की डोळे कानावर मात करतात. मग पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून म्हणणं, त्यात पुरुष आणि बायका वेगळ्या. त्यानंतर कागद वाटा आणि दहा मिनिटं वाचन. पुढची वीस मिनिटं जोड्यांमध्ये, उभं राहून, हातभर अंतर ठेवून. अंतराची सूचना लिहूनच ठेवा, कारण यांतल्या बऱ्याच जणांची भेटताना गाल पुढे करायची सवय असते आणि हात जोडायला जागाच उरत नाही. शेवटची पाच मिनिटं प्रश्नांना.

आलं की नाही हे तपासायला एकच कसोटी लिहा: प्रत्येकाने कागद उलटा ठेवून एका पुरुषाशी आणि एका बाईशी पूर्ण संवाद करायचा. 'कसे' आणि 'कशा' बरोबर बदललं आणि 'येतो' किंवा 'येते' स्वतःचं आलं, की झालं. गटात सगळे पुरुष किंवा सगळ्या बायका असतील तर ही कसोटी अडते. अशा वेळी आधीच कुणाला तरी शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी बोलावून ठेवा, आणि त्यांनी आत आल्यावर रोजच्या वेगातच बोलायचं, हे त्यांनाही सांगून ठेवा.