उत्तर न आलेलं बाकी-पत्र

ऑडिटमध्ये २५ ग्राहकांना येणे-बाकीची खात्री करणारी पत्रं पाठवली. सर्वांत मोठ्या ग्राहकाची वर्षअखेरची बाकी १८ लाख होती, आणि दोनदा स्मरण देऊनही तो गप्प. कंपनीचे अकाउंटंट म्हणाले, "पुढच्या महिन्यात १५ लाख जमा झालेत, झालं की!" मीही आधी तेवढ्यावरच टिक मारली होती.

मग बँकेच्या स्टेटमेंटसोबत कोणत्या बिलांचे पैसे दिले ते सांगणारी ग्राहकाची पेमेंट अॅडव्हाइस मागितली. त्या १५ लाखांतले ६ लाख वर्षअखेरीनंतरच्या बिलांचे निघाले. म्हणजे जुन्या बाकीपैकी ९ लाखांचाच पुरावा मिळाला. एकूण रक्कम जुळवण्यात हीच फसगत होते, म्हणून पावती बिलागणिक लावायची.

उरलेल्या ९ लाखांसाठी प्रत्येक बिलामागची ऑर्डर आणि ग्राहकाच्या सही-शिक्क्याचं डिलिव्हरी चलन पाहिलं. कंपनीने स्वतः छापलेलं बिल माझ्या लेखी दुबळा पुरावा. एका २ लाखांच्या बिलावरची पोच वर्षअखेरीनंतर चार दिवसांनी झालेली. करारानुसार विक्री पोचेवर धरायची होती, तेव्हा ती त्या वर्षाची नव्हतीच. दुरुस्तीची नोंद करून घेतली.

बँकेला पाठवलेल्या अशाच पत्राचं उत्तर आलं नाही, तर मात्र हा मार्ग पुरत नाही. स्टेटमेंटवर शिल्लक दिसते, पण गॅरंटी आणि तारण दिसेलच असं नाही. तिथे मी पाठपुरावा सोडत नाही.