इंडोनेशियन अनुदान-अर्जाचा कच्चा खर्डा तपासताना

इंडोनेशियन भाषेतले अनुदानाचे अर्ज संपादित करायला घेणार असाल, तर सुरुवात शेवटच्या पानापासून करा. तिथे 'आरएबी' असतो, म्हणजे खर्चाचं बाबवार अंदाजपत्रक. संस्थेला खरोखर काय करायचंय, ते मला पहिल्यांदा तिथे कळतं. मात्र आकडे जपून वाचा. तिकडे हजारासाठी स्वल्पविराम नाही, टिंब देतात. १०.००० म्हणजे दहा हजार.

समजा, अर्ज उत्तर जावातल्या देमाकच्या किनाऱ्याचा आहे. तिथली जमीन खचतेय, समुद्र मत्स्यतळ्यांत शिरलाय आणि संस्थेला खारफुटी लावायचीय. खर्डा हमखास 'इंडोनेशिया हा द्वीपसमूहांचा देश आहे' इथून निघतो, हवामानबदल आणि कायद्यांची कलमं ओलांडतो आणि तिसऱ्या पानावर गावात पोचतो. मी गाव पहिल्या परिच्छेदात आणते आणि द्वीपसमूह सरळ उडवते. अनुदान देणाऱ्याला तो नकाशावर दिसतोच.

मग कामाचं वाक्य येतं: 'आकान दिलाकुकान सोसियालिसासी दान पनानामान १०.००० बिबित मांग्रोव.' म्हणजे माहिती-सभा घेण्यात येतील व दहा हजार रोपांची लागवड करण्यात येईल. आपण शासकीय परिपत्रकांवर पोसलेले, त्यामुळे 'करण्यात येईल' आपल्या कानाला खटकत नाही. इथे खटकायला हवं. लावणार कोण? नंतर मोजणार कोण? आरएबीत रोपं चारच हजार, बाकी सभागृह, फलक आणि चहा-नाश्ता. मोजणीला एक रुपियाही नाही.

ही उत्तरं आपण मनाने भरायची नाहीत, समासात प्रश्न म्हणून लिहायची. एक प्रश्न मी नेहमी विचारते: रोपं लाटांच्या तोंडी, उघड्या चिखलात लावणार का? तिथे ती बहुतेक वाहून जातात. त्या किनाऱ्यावर आधी बांबू आणि फांद्यांचे पाणी झिरपू देणारे बांध घालून गाळ अडवण्याचे प्रयोग झालेत. गाळ साचला, की आव्हिसेनियासारखी खारफुटी आपसूक रुजू शकते.

उत्तर आलं, की वाक्य असं होतं: 'मत्स्यतळ्यांचे मालक आधी बांध घालतील, गाळ साचल्यावर, जिथे रोपं आपोआप रुजली नाहीत तिथेच आम्ही चार हजार रोपं लावू आणि दर तीन महिन्यांनी जगलेली मोजू.' आकडा घटला, पण परीक्षकाला तपासता येईल असं काहीतरी हाती आलं. इथला 'आम्ही' म्हणजे 'कामी'. खर्ड्यात बरेचदा 'किता' असतं, म्हणजे 'आपण', आणि त्यात पैसे देणाराही रोपं लावायला चिखलात उतरतो.

सगळी कर्मणी वाक्यं मात्र मोडू नका. औपचारिक इंडोनेशियनमध्ये ती सहज वाटतात; कर्ता महत्त्वाचा असेल तिथेच बदला. मोजणीच्या खर्चाची ओळ आरएबीत संस्थेनेच घालायची. तिथले दर आपल्याला ठाऊक नसतात आणि हिशेबावर सही त्यांची असते.